पोटरीवरचा तीळ, बायोप्सी आणि लेझीम

स्मिता:
नमस्कार मंडळी. अनिरुद्धच्या डाव्या पोटरीवरचा तीळ गेल्या वर्षभरात काळपट आणि वेडावाकडा झालाय. डर्मॅटॉलॉजिस्टने पुढच्या मंगळवारी पंच बायोप्सी ठेवली आहे. टाके पडतील म्हणाले, बाकी घाईघाईत काही विचारता आलं नाही. स्टेंटमुळे त्याची अ‍ॅस्पिरिन चालू आहे. आणि गणपतीच्या लेझीम पथकात तो पहिल्या रांगेत आहे, त्याचं काय करायचं?

प्रकाशकाका:
स्मिता, अ‍ॅस्पिरिन आठवडाभर आधी बंद करायला सांग, नाहीतर रक्त थांबत नाही. जखम उघडी ठेवायची, वारा लागला की खपली लवकर धरते. माझ्या पाठीवरचा काढला तेव्हा मी असंच केलं होतं. बायोप्सीला मात्र घाबरू नका. सुई लागल्याने रोग पसरतो वगैरे काही नसतं.

वंदना:
माझी थायरॉइडची झाली होती तेव्हा मानेत सुई घालून पाणी काढलं, टाका नाही की काही नाही. उपाशी जायचं असतं का ते विचारून घे हं.

मेधाताई:
वंदना, तुझी सुईची तपासणी होती, ही वेगळी. इथे उपाशी राहायचं नाही, उलट नाश्ता करून जा. रिकाम्या पोटी भोवळ येते.

काका, पसरण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. पण अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नये, स्टेंट असताना तर नाहीच. कातडीतलं रक्त दाबून थांबवता येतं, स्टेंटमधली गुठळी दाबून थांबत नाही. स्मिता, गोळ्यांची यादी डॉक्टरांना आधी कळव. जखमेवर खरबरीत, फुगलेले वण येण्याची सवय असेल तर तेही सांग.

टेबलावर सगळ्यात दुखतं ते बधिर करण्याचं इंजेक्शन, काही सेकंद चरचरतं. मग बॉलपेनच्या टोकासारखी गोल धारेची नळी फिरवत चरबीपर्यंत नेतात, तुकडा उचलून तळाशी कापतात आणि फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात. एकदोन टाके घालतात. आधी एवढं मात्र विचार: अख्खा तीळ निघणार आहे का, की फक्त तुकडा? मेलानोमा म्हणजे कातडीच्या घातक कॅन्सरची शंका असेल तर शक्यतो सगळा तीळ थोड्या कडेसकट काढतात. अर्ध्या तुकड्यातून खोली चुकीची कळू शकते.

पहिले 24 तास कोरडं ठेवायचं. नंतर साबणपाणी, वर व्हॅसलीन आणि पट्टी. ओलसर जखम लवकर भरते, काका, खपलीची वाट बघायची नाही. हळद लावू नका. रक्त आलं तर वीस मिनिटं न उचलता दाबून धरा. चेहऱ्याचे टाके आठवड्यात निघतात, पायाचे दहा ते चौदा दिवस ठेवतात, कारण पायाची जखम सावकाश भरते. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून तिसऱ्या दिवसानंतर ठणका वाढला, जागा गरम झाली, सूज पसरली किंवा पू आला तर फोन करा.

टाके निघाले म्हणून लगेच लेझीम नको. तीन आठवड्यांनीही जखमेची ताकद मूळ कातडीच्या पाचव्या हिश्श्याएवढीच असते, आणि पोटरी ओढली जाणारच.

स्मिता:
रिपोर्ट आला, डॉक्टरांच्या आधी पोर्टलवरच. ‘डिस्प्लास्टिक कंपाउंड नीव्हस, मॉडरेट अटिपिया, कडेपर्यंत पोहोचलेला.’ म्हणजे कॅन्सर कडेपर्यंत गेलाय का? रात्रभर झोप नाही.

प्रकाशकाका:
कडेला आहे म्हणजे पुन्हा कापून घ्याच. उगाच थांबू नका.

मेधाताई:
स्मिता, यात कॅन्सरचं निदान नाही. नीव्हस म्हणजे तीळच. पेशी आणि त्यांची मांडणी थोडी विचित्र दिसतेय, एवढंच ‘डिस्प्लास्टिक’ हा शब्द सांगतो. पॅथॉलॉजिस्ट म्हणून मी आयुष्यभर अशा काचपट्ट्या पाहिल्या. सौम्य आणि मध्यम म्हणजे मॉडरेट यांच्या सीमेवर दोन पॅथॉलॉजिस्टचं एकमत होईलच असं नाही. रिपोर्टवर जागा डावी पोटरीच आहे ना, तेही बघ.

कडेचा अर्थ असा, की काढलेल्या तुकड्याच्या काठापर्यंत तिळाच्या पेशी आहेत, म्हणून आत थोड्या राहिल्या असू शकतात. आणि आम्ही काठाचे फक्त काही पातळ काप बघतो, त्यामुळे ‘कड मोकळी’ म्हटलं तरी ती तेवढ्या कापांपुरतीच. मॉडरेटला पुन्हा कापायचं का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. वर रंग उरला नसेल तर बरेच जण लक्ष ठेवतात, काही जण काढतात. रंग दिसतोय का?

स्मिता:
नाही ताई, फक्त टाक्यांची रेघ. गुरुवारी भेट आहे.

मेधाताई:
मग गुरुवारी हेच विचार, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढून ठेव. पुढे वणात काळा रंग उगवला आणि परत बायोप्सी झाली, तर हा रिपोर्ट नमुन्यासोबत नक्की पाठवायला सांग. वणात परत आलेला साधा तीळसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली मेलानोमासारखा दिसू शकतो, आणि आधीचं माहीत नसेल तर बघणारा फसू शकतो.