प्रतिसाद: युरिक अ‍ॅसिड नॉर्मल, तरी अंगठा सुजलेला

> अण्णांचा अंगठा लालबुंद सुजलाय, पण युरिक अ‍ॅसिड ५.८ आलं. म्हणजे गाऊट नाही ना? डाळ बंद केलीय.

ऐन दुखण्यात युरिक अ‍ॅसिड बऱ्याचदा खाली येतं, म्हणून त्या ५.८ वर विसंबू नका. सूज उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. ताप असेल तर मात्र आजच डॉक्टर गाठा.

डाळ सुरू करा, बिचारीचा दोष नाही. कलेजी, वजडी आणि बिअर बंद. बिअरमध्ये प्युरिन असतंच, त्याचंच शरीरात युरिक अ‍ॅसिड बनतं; वर दारूमुळे मूत्रपिंडातून युरिक अ‍ॅसिड नीट बाहेर पडत नाही. आपल्या सांगलीत गटारीला कलेजी-वजडी आणि बिअर एकत्रच येतात!

वजन उतरवा, पण कडक उपास करून नको. उपाशीपोटी शरीरात तयार होणारी आम्लं युरिक अ‍ॅसिडची वाट अडवतात आणि अंगठा पुन्हा ठणकतो. महिन्याला दोन किलो पुरे.