'नमुना' म्हणावं की 'वानोळा'? गोळ्यांच्या पट्टीवरची 'विकू नये' ही ओळ

जिंतूरकर: मेडिकलमधून आईसाठी बीपीच्या 6 गोळ्या आणल्या, कापलेल्या पट्टीतल्या. मागच्या चंदेरी बाजूवर 'फिजिशियन्स सॅम्पल, नॉट टू बी' एवढंच दिसतंय, पुढचं कात्रीत गेलंय. 'फिजिशियन्स सॅम्पल'ला मराठीत काय म्हणायचं? 'वैद्यकीय नमुना'?

गोदाकाठची: नमुना म्हणजे तपासायला दिलेलं रक्त-लघवी ना? तसलं औषध आईला देऊ नका हो.

फार्मसीवाला: ताई, तो नमुना वेगळा. कंपनीचा एमआर डॉक्टरांना औषध फुकट देतो, ते हे. पुढचा शब्द 'सोल्ड' असणार. औषध नियम 96 प्रमाणे फुकट नमुन्यावर ही ओळ वरून छापावीच लागते, आणि नियम 65(18) प्रमाणे असा माल दुकानात ठेवायलाही बंदी आहे, विकणं तर लांबच. जिंतूरकर, छापील एमआरपी आहे का?

जिंतूरकर: नाही. 60 रुपयांचं चिकट लेबल होतं, त्याखाली फॉइल घासल्यासारखी. एक्स्पायरी 08/2026 दिसते. बॅच नंबर नाही.

फार्मसीवाला: 08/2026 म्हणजे ऑगस्टची शेवटची तारीख. बॅच नंबर कापलेल्या तुकड्यावर राहिला. माल परत मागवला गेला तर तुमची गोळी त्यातली आहे का, हे आता कळणार नाही. मला तेच जास्त खटकतं.

बीडचा मास्तर: सरळ आहे, 'नॉट फॉर सेल' म्हणजे हलका माल. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांवरही तेच लिहितात. जनऔषधीतल्याही तशाच.

फार्मसीवाला: मास्तर, अर्धं बरोबर. सरकारी पुरवठ्यावरही तशी ओळ असते आणि तोही दुकानात चालत नाही. पण ती ओळ औषध कुणी विकायचं नाही एवढंच सांगते, दर्जाबद्दल काही नाही. जनऔषधी मात्र विकायलाच असते, तिच्यावर एमआरपी छापलेली असते.

जिंतूरकर: मग मेव्हण्याला डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून फुकट दिल्या, तेही चूक?

फार्मसीवाला: नाही, नमुना त्यासाठीच असतो. पैसे घेतले तर चूक. आईच्या गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून पूर्ण पट्टी बिलासकट घ्या. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा. हा तुकडा आणि ते लेबल जपून ठेवा.

गोदाकाठची: शब्दाचं राहूनच गेलं. आमच्याकडं नव्या ज्वारीचा हुरडा शेजारी धाडतात, त्याला वानोळा म्हणतात. वानोळ्याचे पैसे कुणी घेतं का? तोच शब्द बसतो की.

बीडचा मास्तर: वानोळा प्रेमानं धाडतात, एमआर धंद्यासाठी देतो. 'वानगी' म्हणा.

जिंतूरकर: पट्टीवर 'डॉक्टरांची वानगी' वाचून आमची आई डॉक्टरलाच चाखायला निघेल. मला 'विकू नये' एवढंच मोठ्या अक्षरात मराठीत हवं होतं.