मदत हवी आहे: एयूसी ०.९६ असूनही चांगले काजूगर बाजूला का पडतात?

काजूबाग, डिचोली
नमस्कार. आमच्या छोट्या काजू कारखान्यासाठी, सोललेल्या गरांची छायाचित्रे पाहून किडका गर ओळखणारे मॉडेल मी तयार केले आहे. चाचणीच्या १०,००० गरांत १०० किडके होते आणि आरओसी वक्राखालचे क्षेत्रफळ ०.९६ आले. प्रत्यक्षात मॉडेलने ५७५ गर बाजूला काढले. निवडीच्या मेजावरच्या मावशींनी ते पाहिले, तेव्हा ८० किडके आणि ४९५ चांगले निघाले. त्या चांगल्यांपैकी बऱ्याच गरांना केवळ तांबूस सालीचा तुकडा चिकटलेला होता. मावशींच्या मते ०.९३ चे जुने मॉडेलच बरे होते. हे कसे शक्य आहे?

मांडवीकाठ
किडके जेमतेम एक टक्का असल्यामुळे आपला एयूसी बिघडला आहे. प्रिसिजन-रिकॉल वक्र काढून पाहावा.

साळावली
सल्ला योग्य आहे, कारण मात्र नेमके उलटे आहे. आरओसी किडक्यांपैकी किती सापडले आणि चांगल्यांपैकी किती नाहक पकडले, हे आपापल्या गटातच मोजतो; त्यामुळे किडक्यांचे प्रमाण कितीही घटले तरी वक्र हलत नाही, आणि अडचण तिथेच आहे. ०.९६ चा अर्थ एवढाच की, एक किडका आणि एक चांगला गर सहज उचलला, तर शंभरांतून सुमारे ९६ वेळा किडक्याला जास्त गुण मिळतात. आपण वक्रावर ८० टक्के आणि ५ टक्के या बिंदूवर उभे आहात. आलेखात ५ टक्के अगदी डावीकडे दिसतात, पण ९,९०० चांगल्या गरांचे ५ टक्के म्हणजेच ते ४९५. दोनशे चांगल्यांमागे एकच चुकेल असा उंबरठा ठेवून दोन्ही मॉडेले किती किडके पकडतात, ते कृपया पाहावे.

फेरीबोट
माझ्या मॉडेलची अचूकता ९९ टक्के आहे. आपणही एयूसी सोडून अचूकताच का मोजत नाही?

साळावली
या गरांवर एकही किडका न पकडणारे मॉडेलसुद्धा ९९ टक्के अचूक ठरेल.

काजूबाग
उंबरठा बदलून पाहिला. दोन्ही मॉडेलांत सुमारे ५० चांगले गर बाजूला पडतात, पण नवे ४६ किडके पकडते आणि जुने ६०. वक्र पुढे एकमेकांना छेदतात आणि नव्याची सरशी उजवीकडच्या भागात होते, जिथे एवढे चांगले गर बाजूला काढणे आम्हाला परवडतच नाही. मावशींचे म्हणणे खरे निघाले, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र केवळ १०० किडक्यांवरून ४६ आणि ६० यांतला फरक भरवशाचा मानावा का?

साळावली
दोन्ही मॉडेलांनी तेच गर पाहिले आहेत, म्हणून फक्त जुन्याने पकडलेले किती आणि फक्त नव्याने पकडलेले किती, हे वेगळे मोजावे. सगळे किडके एकाच घाण्यातले असतील, तर मीही त्यावर विसंबणार नाही.

काजूबाग
दोनच घाण्यांतले आहेत. पुढच्या घाण्यांतले किडके गर मावशी वेगळे ठेवणार आहेत. ते मोजून पुन्हा लिहितो.