मदत हवी आहे: आबांचे तळपाय रात्रभर पेटतात, पण चपलेतली लोखंडी चूक रुतलेली कळली नाही

शाहूपुरीकर:
आमच्या आबांचं वय ६३, साखरेचा आजार १४ वर्षांपासून. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट ९.२ आलाय.

साधारण वर्षापासून रात्री दोन्ही तळपायांची आग होते. दिवसा दुकानात असताना काही नाही, आडवं झालं की अर्ध्या तासात सुरू. चादर पायाला लागलेली चालत नाही. मध्यरात्री उठून मोरीत पायांवर गार पाणी घेतात, मग फरशीवर पाय टेकून बसून राहतात. आई तूप लावून काशाच्या वाटीनं तळवे घासते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

परवा संध्याकाळी घरात फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. आबांच्या उजव्या टाचेला भोक पडलं होतं. कोल्हापुरी चपलेची टाच निघाली म्हणून त्यांनी कोपऱ्यावर चूक मारून घेतली होती, ती आतून वर आलेली. सकाळपासून तीच चपल घालून फिरले, आणि त्यांना पत्ताच नाही. आईनं हळद भरली आहे.

मला समजत नाही ते हे. ज्या पायाला चादर सहन होत नाही, त्याला लोखंडाची चूक कशी कळत नाही? आबा म्हणतात, "आग होतीय म्हणजे पाय जिता हाय, काळजी करू नको."

पन्हाळ्याची पोर:
अंगातली उष्णता आहे हो. काशाची वाटी सोडू नका, रात्री मेंदी लावा. आणि बी-१२ ची इंजेक्शनं घ्या. माझ्या मावशीची आग पाच इंजेक्शनांत थांबली.

पट्टीवाली ताई:
मी बावीस वर्षं मधुमेही पायांच्या ड्रेसिंगचं काम केलं. डॉक्टर नाही, पण असे पाय रोज हाताखालून गेले आहेत.

आधी जखम. टाचेतलं भोक वरून बारीक दिसतं, आत किती खोल गेलंय ते घरी कळत नाही. हळद काढा, साध्या पाण्यानं धुवा, स्वच्छ गॉज ठेवा आणि आजच्या आज दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं तेही सांगा. भोवती लाली पसरली, पू आला, वास आला किंवा ताप आला तर रात्र असली तरी थांबू नका. "दुखत नाही" हा दिलासा या पायाला लागू नाही.

आता तुमचा प्रश्न. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की नसा झिजतात, आणि सगळ्यांत लांब नसा आधी. म्हणून सुरुवात बोटांपासून, दोन्ही पायांना सारखीच. झिजलेली नस काही लागलेलं नसताना आपोआप निरोप पाठवते, मेंदू त्याला आग समजतो. तीच नस खरा खिळा रुतल्याचा निरोप मात्र पोचवू शकत नाही. त्यामुळे आग आणि बधिरपणा एकाच पायात सुखानं नांदतात. रात्री दुसरं काही जाणवायला नसतं, म्हणून आग जास्त वाटते. आबांना सांगा, आग म्हणजे पाय शाबूत असल्याची खूण नाही. आणि पुढं कधी आग आपोआप कमी झाली तरी नस बरी झाली असं समजू नका. कधी कधी ती पुरती मरते, म्हणून थांबते.

पन्हाळ्याची पोर, बी-१२ चा मुद्दा अर्धा बरोबर आहे. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं आणि तेही नसांना मारतं. पण आधी रक्त तपासायचं. बी-१२ ठीक असलं तर इंजेक्शनानं साखरेनं झिजलेली नस परत येत नाही.

घरी एक तपासणी करा. आबांना डोळे मिटून आडवं करा. तुमच्या बोटाचं टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला अलगद एक-दोन सेकंद टेकवा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. कळलं की त्यांनी डावा का उजवा ते सांगायचं. दोन्ही पाय मिळून सहा जागा. दोन किंवा जास्त कळल्या नाहीत तर पाय धोक्यात धरायचा. नंतर तळवा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा.

उसाचा मळा:
मला बी आग होतीया वो. डाव्या पायाला, कमरंपासनं खाली येती, खोकलं की वाढती. वय ४१, साखर न्हाई. मी पण ही बोटांची तपासणी करू का?

पट्टीवाली ताई:
तुमचं वेगळं वाटतंय. एकाच पायाला, कमरेतून येणारी आणि खोकल्यानं वाढणारी कळ मणक्याकडे बोट दाखवते. हाडाच्या डॉक्टरांना भेटा. लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा पायातला जोर गेला तर त्याच दिवशी.

शाहूपुरीकर:
ताई, काल दवाखान्यात गेलो. जखम साफ केली, अँटिबायोटिक दिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. बोटांची तपासणी केली. उजवा अंगठा, उजवं मधलं बोट, डावा अंगठा, या तीन जागा कळल्या नाहीत. आबा दोनदा म्हणाले, "लाव की बोट," आणि माझं बोट तेव्हा लागलेलंच होतं. आई तिथून उठून गेली.

तळव्यावर उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जाड घट्टा आहे. त्याच्या मधोमध काळपट जांभळा ठिपका दिसतो. आबा तो ब्लेडनं तासतात म्हणे, आम्हाला माहीतच नव्हतं.

पट्टीवाली ताई:
तो ठिपका मला टाचेइतकाच महत्त्वाचा वाटतो. घट्ट्याखाली दाब पडून रक्त साकळलं की असा रंग येतो, आणि बऱ्याचदा आत जखम तयार झालेली असते. ब्लेड बंद, कुरुपाची औषधी पट्टीही नको, तिच्यातल्या आम्लानं बधिर कातडी जळते. पायांच्या तपासणीत तो तासून आत बघतील. तिथं नायलॉनच्या तारेनं आणि कंप देणाऱ्या चिमट्यानं संवेदना बघतात, पायाची नाडीही बघतात. रक्त नीट पोचत नसेल तर जखम भरायचा हिशोबच बदलतो.

बधिरपणा नसलेल्या साखरेच्या माणसाला वर्षातून एक तपासणी पुरते. आबांचा पाय बधिर आहे, दाबाच्या जागी घट्टा आहे, म्हणून तीन ते सहा महिन्यांनी. जखम आहे तोवर मात्र त्याहून लवकर. घरी रोज. चपल घालण्याआधी आत हात फिरवायचा, हात त्यांचा नको, आईचा किंवा तुमचा.

जोतिबाचा गुलाल:
चैत्रात अनवाणी डोंगर चढायचा नवस असला तर काय करायचं? आमच्याकडे वडील ऐकत नाहीत.

पट्टीवाली ताई:
दुपारच्या तापल्या दगडांवरून आलेले फोड मी बघितलेत, त्यातल्या कुणालाही चटका जाणवला नव्हता. बधिर पायानं अनवाणी नाहीच. देवळात जिथं चपल काढावीच लागते तिथं पहाटे जा, जाड सुती मोजे घाला, उतरल्यावर तळवे बघा. नवसाचं काय करायचं ते घरानं ठरवायचं, मी त्यात बोलणार नाही.

शाहूपुरीकर:
अपडेट. घट्टा तासला, खाली वाटाण्याएवढी जखम निघाली. नाडी चांगली लागते म्हणाले. पुढच्या भागावर भार येऊ नये म्हणून वेगळी पादत्राणं दिलीत. आगीसाठी किडनीचा रिपोर्ट बघून रात्री प्रिगॅबालिन ७५ सुरू केलं. पहिले दोन दिवस उठताना चक्कर आली, आता सलग चार तास झोपतात. बी-१२ चा रिपोर्ट यायचाय.

चपल आईनं माळ्यावर ठेवली आहे. आबा रोज विचारतात, जखम भरल्यावर परत घालता येईल का. डॉक्टर म्हणाले, तेव्हा बघू.