मदत हवी आहे: बागेत खवले मांजर दिसलं, फोटो आहेत, वन विभागाला पत्र कसं लिहू?

सुरंगी

नमस्कार मंडळी. आमचं घर कुडाळ तालुक्यात, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेलच. शनिवारी रात्री काका बागेत पाणी बंद करायला गेले तर काजूच्या बागेच्या कडेच्या गडग्यापाशी काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, बॅटरी मारली तर खवले मांजर! काकांनी मला हाक मारली, मी मोबाईलवर चार फोटो काढले, त्यातले दोन बरे आलेत, एकात ते गडग्याला लागून चालतंय आणि शेपटीसकट पूर्ण दिसतंय. मग ते वरच्या वारुळाकडे निघून गेलं. घरातल्या जुन्या माणसांनी पाहिलं होतं म्हणतात पण गेल्या कित्येक वर्षात कोणालाच दिसलं नव्हतं.

वन विभागाला लेखी कळवायचं ठरवलंय. खाली कच्चं पत्र टाकतेय, काय सुधारू ते सांगा.

"प्रति, वन विभाग, सिंधुदुर्ग. महोदय, आमच्या गावात दुर्मिळ खवले मांजर या प्राण्याची वस्ती असून त्यांची संख्या वाढत आहे. हा प्राणी अत्यंत दुर्मिळ असून निसर्गाच्या समतोलासाठी महत्त्वाचा आहे. तरी आपण योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती. सोबत फोटो."

तात्या_माणगाव

ताई चांगली गोष्ट. आमच्याकडे माकडांनी नारळ ठेवूक नाय, त्याचं पत्र कोणाला द्यायचं ते पण सांगा, भरपाई मिळते का? मी दोनदा तोंडी सांगितलंय.

निखिल_पुणे

अभिनंदन! पत्रबित्र कशाला, iNaturalist वर टाका, तिथे सगळे तज्ज्ञ ओळख पक्की करतात आणि वन विभागापर्यंत आपोआप पोचतं. लोकेशनची काळजी नको, धोक्यातल्या प्राण्यांचं लोकेशन ते स्वतःच धूसर करतात.

जुना_गडी

मी वनखात्यात होतो, आता रिटायर. निखिल, धूसर करतात हे बरोबर, पण आपोआप पोचतं हे नाही. तिथली नोंद अभ्यासकांच्या कामाची. बीटच्या वनरक्षकाला उद्या सकाळी त्या बागेजवळून चक्कर मारायची असेल तर त्याला रेंज ऑफिसमधून निरोप यावा लागतो, आणि तो निरोप आवक नंबर पडलेल्या कागदावरून येतो.

सुरंगीताई, तुमच्या पत्रात मला तीन अडचणी दिसतात.

पहिली, प्रति. "वन विभाग, सिंधुदुर्ग" लिहिलं की कागद टेबलावरून टेबलावर फिरतो. वनपरिक्षेत्र अधिकारी, कुडाळ असं लिहा, आणि प्रत उपवनसंरक्षक, सावंतवाडी यांना. दोन प्रती न्या, एकीवर पोच म्हणून शिक्का, तारीख, आवक नंबर घ्या. आणि कागदाची वाट न बघता आधी वनरक्षकाला फोन करा, नंबर नसेल तर १९२६ ही वनखात्याची हेल्पलाईन आहे.

दुसरी, तुम्ही पाहिलं एक जनावर आणि लिहिलंय "वस्ती असून संख्या वाढत आहे". हे वाक्य वाचलं की साहेब विचारणार, कशावरून? आणि मग तुम्ही खरं पाहिलेलं पण संशयात जातं. एक पाहिलं तर एक लिहा. जुन्या माणसांनी पूर्वी पाहिलंय ते वेगळ्या ओळीत, "घरातील वडीलधाऱ्यांच्या सांगण्यानुसार" असं.

तिसरी सगळ्यात मोठी. कुठे, किती वाजता, काय करत होतं, कुठल्या दिशेला गेलं, यातलं एकही पत्रात नाही, आणि वाचणाऱ्याला कामाचं तेवढंच असतं. निसर्गाचा समतोल वगैरे त्यांना ठाऊक आहे, ते वाक्य काढा. खवले मांजर वन्यजीव अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहे, हवं तर तेवढी एक ओळ ठेवा.

रानवाट

फोटोंबद्दल मी सांगते, मी अशा नोंदी गोळा करण्याच्या कामात आहे. मूळ फाईल जशी मोबाईलवर आहे तशी ठेवा, उजेड वाढवू नका, क्रॉप करू नका, करायचंच असेल तर वेगळी कॉपी करून करा. गॅलरीत फोटोचा तपशील उघडलात की तारीख वेळ दिसेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश पण. व्हॉट्सॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही सगळी माहिती गळून जाते आणि फोटो पण बारीक होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेलला जोडा किंवा पेनड्राईव्हवर द्या.

लोकेशन बंद असेल तर दिवसा त्याच जागी उभं राहून गूगल मॅप्सवर बोट दाबून धरा, दोन आकडे येतील, तुमच्याकडे पहिला १६ च्या आसपास आणि दुसरा ७३ च्या पुढे. उलटे लिहू नका, असे उलटे आकडे लिहिलेली पत्रं मी पाहिली आहेत.

आणि माप. फोटोत ते गडग्याला लागून चालतंय म्हणालात ना, मग हे सोनं आहे. सकाळी टेप घेऊन जा आणि फोटोत जे चिरे दिसतात तेच चिरे मोजा, एका चिऱ्याची लांबी कळली की जनावर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत किती चिरे लांब आहे त्यावरून अंदाज निघतो. "मोठं होतं" यापेक्षा हे शंभरपट बरं, कारण पूर्ण वाढलेलं की पिल्लू ते यावरून कळतं. पाठीवर किंवा शेपटीच्या मुळाशी पिल्लू बसलेलं नव्हतं ना ते पण फोटो मोठा करून बघा, मादी पिल्लू तसंच नेते.

फोटोवेडा_९९

ताई नक्की लोकेशन मेसेज करा ना प्लीज, मी रात्रीची फोटोग्राफी करतो, दोन रात्री बसलो तर भारी फोटो मिळेल, तुमच्या पत्राला पण उपयोग होईल.

रानवाट

नको. ताई, कोणालाही देऊ नका, अगदी ओळखीच्याला पण नको. खवल्यांसाठी आणि त्या "पैशांचा पाऊस" वाल्या भानगडीसाठी याची शिकार आणि तस्करी होते, आणि हे जनावर धोका वाटला की पळत नाही, वेटोळं करून बसतं. बिबट्या आला तरी त्या चिलखतात निभावतं, माणूस मात्र सरळ उचलून पोत्यात भरतो. वर रोज रात्री बॅटऱ्या फिरल्या तर ते जागा सोडून जाईल.

सुरंगी

फोटोवेडा, माफ करा, देणार नाही.

गडीकाका, रानवाटताई, खूप आभार. चिरे मोजले, एक चिरा १४ इंच, जनावर साधारण अडीच चिरे, म्हणजे तीन फुटांच्या जरा कमी. पिल्लू दिसत नाही. वारुळाच्या मागे एक बीळ पण सापडलं, तोंडाशी ताजी माती आहे. आत काठी घालून बघू का? आणि चुलतभावाने एक फोटो स्टेटसला ठेवला होता तो मी तासाभरात काढायला लावला, पण गावातल्या बऱ्याच जणांनी बघितलाय, हे पत्रात लिहायचं का?

अजून एक, काका म्हणतात नोंद केली की जमिनीवर काहीतरी शेरा येईल, अभयारण्यात घेतील. घरात यावरून वाद चालू आहे.

जुना_गडी

काठी, धूर, हात, काहीच घालू नका. लांबून दिवसा एक फोटो, शेजारी टेप ठेवून, बस. तोंडावर कोळ्याचं जाळं असेल तर वापरात नाही समजायचं, ताजी माती असेल तर वापरात असू शकतं, पण खाण्यासाठी उकरलेलं बीळ आणि राहायचं बीळ वेगळं, ते पत्रात तुम्ही ठरवू नका. "ताजी माती असलेले बीळ" एवढंच.

स्टेटसचं जरूर लिहा. बातमी गावात फुटलीय हे कळलं तरच गस्त लवकर लागेल.

जमिनीचं. एका प्राण्याच्या नोंदीवरून सातबाऱ्यावर शेरा पडत नाही. अभयारण्य करायचं तर शासनाची अधिसूचना, मग जिल्हाधिकाऱ्यांकडून हक्कांची चौकशी, ती मोठी वेगळी प्रक्रिया आहे.

सावंतवाडीकर

काका तुमचं कायद्याने बरोबर असेल पण आमच्या जिल्ह्यात खाजगी जमिनींवर १९७५ च्या कायद्यावरून जे शेरे पडले त्यात लोकांनी किती हेलपाटे मारलेत, म्हणून माणसं घाबरतात. मी असतो तर गट नंबर लिहिला नसता.

जुना_गडी

तो घोळ खाजगी वनांचा, प्राण्यांच्या नोंदीशी त्याचा संबंध नाही. पण भीती खोटी नाही हे मान्य. गट नंबर नसला तरी आकड्यांवरून जागा सापडतेच.

रानवाट

जागेचा मध्यम मार्ग सांगते. मुख्य पत्रात वाडी आणि आकडे फक्त दोन दशांशापर्यंत लिहा, म्हणजे साधारण किलोमीटरभराचा अंदाज येतो. पाच दशांशाचे पूर्ण आकडे, बिळाची जागा आणि फोटो वेगळ्या बंद पाकिटात, वर "गोपनीय" लिहून. ऑफिसात पत्र दहा हातांतून जातं, पाकीट साहेबांच्याच हातात द्या.

सावंतवाडीकर

आणि कोणी माहिती अधिकारात मागितलं तर? पाकिटावर गोपनीय लिहिलं म्हणून थांबतं का?

रानवाट

नुसत्या शब्दाने थांबेल असं मी म्हणणार नाही. पत्रातच कारण लिहिलेलं असलं की अधिकाऱ्याला नाही म्हणायला आधार मिळतो, एवढं नक्की.

सुरंगी

नवीन पत्र टाकते, नाव-गाव कोरं ठेवलंय.

"प्रति, मा. वनपरिक्षेत्र अधिकारी, कुडाळ. प्रत: मा. उपवनसंरक्षक, सावंतवाडी.

विषय: खवले मांजर दिसल्याबाबत व रात्रगस्त मिळणेबाबत.

महोदय, शनिवार दि. २२ नोव्हेंबर २०२५ रोजी रात्री ९.४० वाजता मौजे ____, ____ वाडी येथील आमच्या काजूच्या बागेत मी व माझे काका यांनी एक खवले मांजर पाहिले. ते गडग्याच्या कडेने चालत होते व सुमारे पाच मिनिटांनी पूर्वेकडील वारुळाकडे गेले. गडग्याचे चिरे मोजून काढलेली अंदाजे लांबी शेपटीसह ३५ इंच. जखम किंवा लंगडणे दिसले नाही, सोबत पिल्लू दिसले नाही. दुसऱ्या दिवशी वारुळामागे ताजी माती असलेले एक बीळ दिसले, आम्ही त्यास हात लावलेला नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या सांगण्यानुसार पूर्वी येथे हा प्राणी दिसत असे.

एक फोटो सुमारे एक तास सोशल मीडियावर होता व गावातील लोकांनी पाहिला आहे. परिसरात रानडुकरांसाठी फासकी लावली जातात. तरी रात्रगस्त व फासक्यांची तपासणी व्हावी, ही विनंती. पाहणीसाठी आल्यास जागा दाखवण्यास मी सोबत येईन. शिकारीचा धोका असल्याने नेमके ठिकाण व मूळ फोटो बंद पाकिटात स्वतंत्र दिले आहेत, ते कोणासही देऊ नयेत."

खाली नाव, सही, मोबाईल नंबर.

जुना_गडी

आता हे कामाचं झालं. फासक्यांचं लिहिलंत ते फार बरं केलंत, मला ते सुचलं नव्हतं. कोणी डुकरांसाठी तारेत करंट सोडत असेल तर तेही लिहा, नाव न घेता, फक्त कुठल्या बाजूला ते. आणि ३५ च्या पुढे "सुमारे" घाला, फोटोवरून काढलेलं माप आहे.

निखिल_पुणे

काका, वनरक्षक येईपर्यंत बागेत कॅमेरा ट्रॅप लावला तर? जमीन त्यांचीच आहे.

जुना_गडी

वनजमिनीवर परवानगीशिवाय नाहीच. स्वतःच्या जमिनीवर असला तरी माझं मत, आधी रेंज ऑफिसला विचारा, बिळाच्या तोंडाशी तर मुळीच नको. तात्या, माकडांच्या नारळांसाठी वेगळा धागा काढा, तिथे सांगतो, तोंडी सांगून काही होत नाही, नुकसान दिसलं की लगेच लेखी कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो.

सुरंगी

करंटचं घालते, खालच्या बाजूला एका ठिकाणी तार बघितलीय. काका अजून जमिनीवरून पूर्ण तयार नाहीत, पण म्हणाले सही तू कर, मी सोबत येतो. सोमवारी ऑफिसला जातोय. पाकीट साहेबांच्याच हातात द्यायचं, पण ते फिरतीवर असले तर वनपालांकडे द्यावं का परत घेऊन यावं?