मदत हवी आहे: समूह शाळांवरच्या लेखात शंका कुठे ठेवू?

एका साप्ताहिकासाठी सातशे शब्दांचं सदर लिहितेय. विषय: वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा 2023 मधला प्रस्ताव. पहिला खर्डा असा होता: ‘एकीकडे गुणवत्ता, दुसरीकडे ग्रामीण मुलांचं हित, सुवर्णमध्य काढणं ही काळाची गरज आहे.’ हे कुणीही लिहिलं असतं, आणि यावर कुणी भांडणारही नाही.

मग भूमिका एका वाक्यात बांधली: ‘पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं शिक्षण हक्काचे नियम सांगतात. ते अंतर बसच्या आश्वासनावर सोडू नका. पावसाळ्यात ओढा भरला की बस येत नाही, आणि आधी शाळा सुटते ती मुलींची.’ इथे निदान कोण बोलतंय ते कळतं. ‘शासनाने लक्ष द्यावे’ छापाची वाक्यंही काढून टाकली.

अडलंय ते शंकेपाशी. चार वर्गांत मिळून सहा मुलं असतील, तर दुसरीतल्या एकुलत्या एक मुलीला कुणाबरोबर वाचायला, भांडायला मिळणार? हे मला खरंच छळतं. शंका शेवटी टाकली की आधीची भूमिका मागे घेतल्यासारखी वाटते. सुरुवातीला टाकली की पुन्हा ‘एकीकडे-दुसरीकडे’. सध्या ती बसच्या परिच्छेदानंतर, मधोमध आहे, आणि पुढे मी उत्तर न देता म्हणते, ‘तरीही शाळा गावातच हवी.’ हे प्रामाणिक वाटतं की पळवाट?

सदरं लिहिणाऱ्यांनी किंवा तपासणाऱ्यांनी सांगा. आणि ‘छळतं’सारखी बोली क्रियापदं संपादक प्रमाण करून टाकतात, तेव्हा तुम्ही कितपत अडून बसता?