मदत हवी आहे: स्क्रीनिंग कॉलनंतर एचआर मॅडमना आभाराचा मेल कसा लिहू? एक चूकही दुरुस्त करायची आहे

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. मी लातूरचा. इथल्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये साडेतीन वर्षांपासून क्वालिटी इंजिनिअर आहे. आज दुपारी चारला वाळूजच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीच्या एचआर मॅडमचा स्क्रीनिंग कॉल झाला, वीसेक मिनिटांचा. आभाराचा मेल पाठवायचाय, पण काय लिहावं कळंना झालंय. मेल इंग्रजीतच जाईल. आधी मराठीत नीट करून घ्यायलो. आतापर्यंत एवढं लिहिलंय:

"आदरणीय मॅडम, आपण आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्या नामांकित कंपनीत संधी मिळाल्यास मी पूर्ण निष्ठेने काम करेन. आपल्या सकारात्मक उत्तराची वाट पाहतो."

आणि एक घोळ झालाय. नोटीस पीरियड विचारल्यावर घाईत 30 दिवस म्हणालो. घरी येऊन अपॉइंटमेंट लेटर काढलं, तर त्यात 60 आहेत. हे मेलमध्ये लिहू का गप्प बसू?

गेजवाला
गप्प बसू नका. बाकी मेल मोठा लिहा. त्यांना दिवसात वीस-पंचवीस फोन असतात, कोण काय बोललं लक्षात राहत नाही. मी तर जेवढं बोलणं झालं तेवढं सगळं क्रमाने लिहितो, अपेक्षित पगारासकट. फोनवर कमी सांगितला असेल तर मेलमध्ये वाढवून घ्यायचा, हीच संधी असते.

औंढ्याची लेक
मी अकरा वर्षं भरतीचं काम केलं, आधी वाळूजला, मग पुण्याला. गेजवाला दादांचं अर्धं बरोबर आहे. फोन बरेच होतात आणि चेहरे नसतात, त्यामुळे बोलण्यातलं काहीतरी नेमकं मेलमध्ये हवंच. मांजराकाठ, तुमचा मसुदा मी दहा जणांच्या नावाने दहा कंपन्यांना पाठवू शकेन. त्यात आजच्या फोनमधला एक शब्दही नाही.

पण सगळं क्रमाने लिहू नका. रिक्रूटरच्या शीटमध्ये रकाने असतात: सध्याचा पगार, अपेक्षा, नोटीस, शिफ्ट चालेल का, राहायला येणार का. ते फोनवरच भरले जातात. पगाराचा आकडा मेलमध्ये बदलला की शीटमध्ये एक आणि मेलमध्ये दुसरा असं होतं, मग आम्हाला परत फोन करून खरं काय ते विचारावं लागतं. पगार पुढच्या फेरीत बोला.

तुम्ही मला एवढं सांगा, मॅडम स्वतःहून कशाबद्दल बोलल्या? प्रश्न सोडून.

मांजराकाठ
ताई, त्या म्हणाल्या की नवी लाइन सुरू होतेय, अॅल्युमिनियमच्या हाउसिंगची. कास्टिंग बाहेरून येतात आणि मशीनिंग झाल्यावर पोरोसिटी, म्हणजे आतली बारीक छिद्रं, निघते. त्यामुळे सप्लायरकडे जाऊन बसणारा माणूस हवाय. मी सांगितलं की आमच्याकडंही असंच झालं होतं. रिजेक्ट झालेल्या नगांवरचे कॅव्हिटी नंबर मी महिनाभर लिहून ठेवले, तेव्हा कळलं की बहुतेक नग डायच्या एकाच कॅव्हिटीतले होते. मग फाउंड्रीत जाऊन ती कॅव्हिटी दुरुस्त होईपर्यंत बंद करून घेतली.

आणखी दोन गोष्टी. तिन्ही शिफ्ट चालतील म्हणालो. पीपॅप, म्हणजे नव्या पार्टला ग्राहकाची मंजुरी घ्यायची फाइल, येतं का विचारलं, तर हो म्हणालो. खरं तर त्यातला कंट्रोल प्लॅन आणि एमएसए, म्हणजे मोजमाप भरवशाचं आहे का याची तपासणी, एवढंच मी केलंय, पूर्ण फाइल साहेब करतात.

औंढ्याची लेक
मग तुमचा मेल तयार आहे. त्यांना सप्लायरकडे बसणारा माणूस हवाय आणि तुम्ही फाउंड्रीत जाऊन बसलेले आहात. एवढंच दोन ओळींत जोडा. रिक्रूटर कॅव्हिटीचं गणित तपासत नाही, पण प्लांटच्या मॅनेजरला तुमचा बायोडेटा पाठवताना वर काहीतरी लिहावं लागतं. तुमची ओळ सोपी असेल तर ती उचलून तिथे टाकली जाते. म्हणून वाक्य असं लिहा की क्वालिटी न शिकलेल्या माणसालाही एका वाचनात कळेल. सध्याच्या कंपनीच्या ग्राहकाचं नाव आणि रिजेक्शनचा टक्का मात्र लिहू नका. आजच्या मालकाची माहिती बाहेर देणारा माणूस उद्या आपलीही देईल, ही शंका येते.

नोटीस याच मेलमध्ये दुरुस्त करा, सरळ एका वाक्यात, माफीचा परिच्छेद नको. 30 दिवस धरून जॉइनिंगची तारीख ठरली आणि ऑफर लेटर हातात आल्यावर तुम्ही 60 म्हणालात, तर चूक तुमची असूनही मॅनेजरसमोर खाली बघायची वेळ मॅडमवर येते. आज सांगितलं तर रकान्यातला एक आकडा बदलतो, एवढंच. "लवकर सुटायचा प्रयत्न करतो" असं मोघम लिहू नका. लेटरमध्ये उरलेल्या दिवसांचा पगार भरून सुटायचं कलम आहे का ते आत्ता बघा. असेल तरच लिहा.

सोयाबीनवाला
माझं पण असंच आहे. परभणीहून एका कंपनीला आभार लिहिले, 12 दिवस झाले, उत्तरच नाही. परत आभार लिहू का?

औंढ्याची लेक
दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे. आभाराच्या मेलला उत्तर येतंच असं नाही, त्यावरून काही ठरवू नका. आता त्याच मेलखाली "पुढची फेरी कधी अपेक्षित आहे?" एवढं एक वाक्य पाठवा. परत आभार नकोत.

गेजवाला
पगाराचं पटलं. पण पीपॅपचं मेलमध्ये अजिबात लिहू नका. मॅडमना "पूर्ण फाइल केली नाही" एवढंच दिसेल आणि नाव कटेल. टेक्निकल राउंडला समोर क्वालिटीचा माणूस असतो. त्याला कंट्रोल प्लॅन आणि एमएसए स्वतः केल्याची किंमत कळते.

औंढ्याची लेक
इथे माझं मत वेगळं आहे. "पीपॅपमधलं कंट्रोल प्लॅन आणि एमएसएचं काम मी करतो" असं लिहिलं तर त्यात नकार कुठेच दिसत नाही, आणि खोटंही उरत नाही. पण कटायचा धोका थोडा आहे, ते मान्य.

मांजराकाठ
लेटर बघितलं. पगार भरून सुटायचं कलम आहे, पण "व्यवस्थापनाच्या संमतीने" असं लिहिलंय. म्हणून ते सोडून दिलं. मॅडमच्या कॅलेंडरच्या निमंत्रणालाच उत्तर म्हणून सकाळी पाठवायलो, म्हणजे विषयाच्या ओळीत पदाचं नाव आपोआप राहील. आता असं झालंय:

"नमस्कार मॅडम, काल क्वालिटी इंजिनिअर पदाबद्दल सविस्तर बोललात, त्याबद्दल आभार. नव्या हाउसिंग लाइनसाठी कास्टिंग सप्लायरकडे जाऊन काम करणारी व्यक्ती हवी आहे, असं आपण सांगितलंत. मी सध्याच्या कामात सदोष कास्टिंग डायच्या कोणत्या भागातून येतात हे नोंदी ठेवून शोधलं आणि फाउंड्रीत जाऊन दुरुस्त करून घेतलं, त्यामुळे हे काम मला जवळचं वाटलं. एक दुरुस्ती: माझा नोटीस पीरियड मी 30 दिवस सांगितला, पण नियुक्तीपत्रानुसार तो 60 दिवस आहे. कृपया तशी नोंद घ्यावी. तिन्ही शिफ्टची तयारी आहेच."

औंढ्याची लेक
शेवटची ओळ काढा, ती शीटमध्ये आहे. मॅडमच्या नावाचं स्पेलिंग त्यांच्या सहीतून उचला. दुपारच्या आत पाठवा.

मांजराकाठ
ताई, ती ओळ काढली आणि 9:40 ला पाठवला. 11 वाजता उत्तर आलं: "60 दिवस नोंदवले. प्लांटशी बोलून सोमवारी कळवते." पीपॅपचं लिहिलं नाही, रात्रभर ठरलंच नाही. सोमवारच्या आत अजून एक मेल करू, का तसंच राहू देऊ?

गेजवाला
राहू द्या.

औंढ्याची लेक
दुसरा मेल नको. फोन आला की पहिल्या मिनिटात तोंडाने सांगा.